केसांची गोळी आणि थायरॉईडचा कागद

आपल्या गटांच्या आरोग्य शिबिरांत हिमोग्लोबिनच्या जोडीला आता थायरॉईडची तपासणीही होऊ लागली आहे, आणि ते योग्यच आहे. थायरॉईडचे विकार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये कितीतरी जास्त. तरीही बाईच्या थकव्याला आळस म्हणायचं, वाढलेल्या वजनाला तिचं खाणं कारण आहे म्हणायचं आणि रडू येण्याला ‘तिचा स्वभावच तसा’ म्हणून मोकळं व्हायचं, ही आपल्या घरांची आणि पुष्कळशा दवाखान्यांचीही जुनी रीत. या रीतीपुढे ठेवायला लॅबचा कागद हाती आला की बाईला बळ येतं. ‘बघा, मी नाटक करत नव्हते,’ असं तिला म्हणता येतं.

पण मैत्रिणींनो, हाच कागद कधी कधी चक्क उलटं बोलतो. त्यात ना लॅबच्या मुलीची चूक असते, ना यंत्र बिघडलेलं असतं. बाईने केस गळतात म्हणून मेडिकलच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय आणलेली बायोटिनची गोळी तेवढी त्याच्या मुळाशी असते. ही गोष्ट कुणा तज्ज्ञापुरती गुप्त नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला आणि २०१९ मध्ये तो पुन्हा दिला. चाचणीचं साहित्य बनवणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात ते बारीक अक्षरांत छापलेलं असतं. आणि तरी रक्त द्यायला आलेल्या बाईला कितीशा काउंटरवर कुणी विचारतं, की बाई, तुम्ही केसांसाठी काही घेता का? माझा आक्षेप आहे तो या न विचारण्याला. लॅबच्या आतल्या बाजूला बरीच वर्षं काढलेली बाई म्हणून तो मांडते आहे.

आधी कागद वाचायचा कसा ते थोडक्यात पाहू, म्हणजे तो उलटा केव्हा बोलतो ते कळेल.

गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जो रस रक्तात सोडते त्यातला मुख्य म्हणजे थायरॉक्सिन, त्यालाच टी-फोर म्हणतात. रक्तातला बहुतेक टी-फोर प्रथिनांना चिकटून असतो. जो थोडासा मोकळा फिरतो तोच पेशींच्या कामाचा. तो मोजला की कागदावर ‘फ्री टी-फोर’ असं येतं. टीएसएच मात्र थायरॉईडचा रसच नव्हे. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा. पिट्युटरी रक्तातल्या थायरॉक्सिनवर नजर ठेवते आणि कमी पडलं की थायरॉईडकडे तगादा लावते. टीएसएच म्हणजे हा तगादा.

म्हणून दोन्ही आकडे साधारणपणे एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात. ग्रंथी मंदावली की टी-फोर उतरतो आणि तगादा चढतो: टीएसएच जास्त, फ्री टी-फोर कमी. हा उघड ‘हायपो’. टीएसएच चढलेला पण फ्री टी-फोर अजून ठीक असेल, तर ग्रंथी कशीबशी पुरी पडते आहे, पण तगाद्यावर. उलट ग्रंथी बेसुमार रस सोडू लागली की तगाद्याची गरजच राहत नाही: टीएसएच जवळजवळ शून्य, फ्री टी-फोर जास्त. हा ‘हायपर’. दोन्ही आकडे कमी आले तर मात्र ग्रंथीऐवजी पिट्युटरीकडे पाहावं लागतं. तो प्रकार विरळा. टीएसएचची सर्वसाधारण मर्यादा ०.४ ते ४ च्या आसपास आणि फ्री टी-फोरची ०.८ ते १.८ च्या आसपास असते, पण प्रत्येक यंत्राची मर्यादा थोडी वेगळी. म्हणून एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या मर्यादेशी ताडून पाहू नये, ज्या कागदावर आकडा आहे त्याच कागदावरची मर्यादा धरावी.

पिट्युटरी फार हळवी असते. टी-फोर थोडासा हलला तरी टीएसएच कित्येक पटींनी हलतो, आणि म्हणूनच शिबिरात एकच चाचणी परवडत असेल तर टीएसएच करतात. पण तगादा सावकाश बदलतो. गोळीचा डोस बदलल्यावर खरा टीएसएच कुठे स्थिरावला ते कळायला सहा ते आठ आठवडे जावे लागतात. ही सहा-आठ आठवड्यांची गोष्ट पुढे लागणार आहे, लक्षात असू द्या.

आता बायोटिनकडे येऊ. हे ब गटातलं एक जीवनसत्त्व, बी-सेव्हन. त्याचं जुनं नाव व्हिटॅमिन एच. हा ‘एच’ जर्मन भाषेतल्या केस आणि त्वचा या शब्दांवरून आला, म्हणजे जाहिरात नावातच होती म्हणायची! मोठ्या माणसाला दिवसाला ३० ते ४० मायक्रोग्रॅम पुरतं, आणि अंडी, शेंगदाणे, डाळी अशा रोजच्या खाण्यातून तेवढं बहुतेकांना मिळतं. केसांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळीत मात्र ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे ५ किंवा १० मिलीग्रॅम. गरजेच्या शंभर-दोनशे पटींच्याही वर. मुळात ज्या बाईला बायोटिनची कमतरता नाही तिचे केस या गोळीने वाढतात याला भरवशाचा पुरावा नाही. पण गोळीने शरीराला थेट इजा होत नाही, जास्तीचं बायोटिन लघवीवाटे निघून जातं, त्यामुळे ‘घेतली तर काय बिघडलं?’ असं सगळेच म्हणतात. शरीराचं बिघडत नाही हे खरं. बिघडतं ते परीक्षानळीत.

का बिघडतं ते समजून घेणं अवघड नाही. ब्लाउजचे हुक आणि काजं डोळ्यांसमोर आणा.

पुष्कळशा यंत्रांत रक्तातला पदार्थ पकडायला लोहचुंबकाला चिकटणारे अतिसूक्ष्म मणी वापरतात. या मण्यांवर स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रथिन बसवलेलं असतं, आणि ते बायोटिनला अशा घट्ट पकडीने धरतं की ती पकड सहजासहजी सुटत नाही. म्हणजे मणी म्हणजे काजं आणि बायोटिन म्हणजे हुक. कंपनी काय करते, तर टीएसएचला ओळखून धरणाऱ्या प्रतिपिंडाला, म्हणजे अँटिबॉडीला, बायोटिनचा हुक शिवते. दुसऱ्या एका प्रतिपिंडाला प्रकाश देणारा पदार्थ लावते. रक्तातला टीएसएच या दोघांच्या मधे अडकतो, जशी पोळीच्या दोन पदरांत पुरणाची गोळी. हुक काजात बसतो, सगळं मण्याला लटकतं. मग यंत्र धुवून काढतं. जे मण्याला धरून राहिलं ते उरतं, बाकी वाहून जातं. उरलेला प्रकाश मोजतात. प्रकाश जास्त, तर टीएसएच जास्त.

आता सकाळी दहा मिलीग्रॅमची गोळी घेतलेल्या बाईचं रक्त त्यात पडलं. तिच्या रक्तात सुटे हुक पोहत असतात. ते आधीच काजांत जाऊन बसतात. कंपनीने शिवलेल्या हुकांना जागाच उरत नाही. टीएसएच पकडला गेलेला असतो, पण मण्याला लटकत नाही आणि धुण्यात वाहून जातो. प्रकाश कमी. यंत्र इमानदारीने छापतं: टीएसएच कमी.

फ्री टी-फोर इतका लहान रेणू आहे की त्याला दोन बाजूंनी दोन प्रतिपिंडं धरू शकत नाहीत. म्हणून तिथे चढाओढीची पद्धत वापरतात. प्रकाश देणारी प्रतिपिंडं मोजकीच घालतात. त्यांच्यावरच्या काही जागा बाईच्या रक्तातला टी-फोर आधी पटकावतो. उरलेल्या जागी कंपनीने हुक लावून दिलेला टी-फोर बसतो, आणि फक्त तोच मण्याला लटकतो. म्हणजे बाईचा टी-फोर जितका जास्त, तितका मण्यावर प्रकाश कमी. इथे कमी प्रकाशाचा अर्थ उलटा आहे. आणि काजं सुट्या हुकांनी भरून गेली की इथेही मण्यावर काहीच लटकत नाही, प्रकाश कमी होतो, आणि यंत्र छापतं: फ्री टी-फोर जास्त.

म्हणजे एकाच नळीतलं रक्त, एकच कारण, आणि दोन आकडे दोन दिशांना ढळले. टीएसएच कमी, टी-फोर जास्त. वर सांगितलेला ‘हायपर’चा नमुना तंतोतंत. एखादा आकडा वेडावाकडा आला असता तर डॉक्टर थबकले असते. इथे दोन्ही आकडे एकमेकांना दुजोरा देतात, आणि म्हणूनच कुणाला शंका येत नाही. एवढ्यावरही थांबत नाही. ग्रेव्हज नावाचा जो हायपरचा मुख्य आजार, त्याची ओळख पटवणारी टीएसएच-रिसेप्टर अँटिबॉडीची चाचणीही काही यंत्रांवर याच चढाओढीच्या पद्धतीने होते, तीही खोटी ‘पॉझिटिव्ह’ येते. तीन साक्षीदार, तिघंही एकच खोटं सांगणारे! २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी अशी सहा मुलं नोंदवली. त्यांना चयापचयाच्या जन्मजात आजारांसाठी भरपूर बायोटिन चालू होतं आणि कागदावर सहाही जणांना ग्रेव्हज होता. ग्रेव्हज कुणालाच नव्हता. आणि बायोटिन एवढ्या प्रचंड प्रमाणातच लागतं असंही नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत सहा निरोगी माणसांना आठवडाभर रोज १० मिलीग्रॅम, म्हणजे दुकानातली केसांचीच गोळी, देऊन पाहिली. बायोटिनवर चालणाऱ्या कित्येक चाचण्या त्यांच्या बाबतीत चुकल्या.

आता हे बाईच्या आयुष्यात कसं उतरतं ते एका उदाहरणावरून पाहू. बाई मी कल्पिलेली आहे, तिला शोभा म्हणू. आकडेही मीच मांडले आहेत, पण असे आकडे येतात.

शोभा चौतीस वर्षांची. हायपोसाठी सहा वर्षं थायरॉक्सिन घेते. दुसऱ्या बाळंतपणानंतर डोस ७५ मायक्रोग्रॅमवर आणला आणि सहा आठवड्यांनी तपासलं तर टीएसएच २.१, फ्री टी-फोर १.३. सगळं ठीक. मूल चार महिन्यांचं झालं आणि केस मूठ-मूठ गळू लागले. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी असे केस गळतात, बहुतेकींचे आपोआप थांबतात. पण हे तिला कुणी सांगितलं नाही. पार्लरमधल्या मुलीने गोळी सुचवली. रोज एक, नाश्त्यानंतर, १०,००० मायक्रोग्रॅम.

महिन्याने ती ठरल्याप्रमाणे थायरॉईड तपासायला गेली. थायरॉईडला उपाशीपोटी जावं लागत नाही, म्हणून नाश्ता करून, गोळी घेऊन दोन तासांनी, साडेदहाला रक्त दिलं. बायोटिन पोटात गेल्यावर तास-दोन तासांत रक्तात सर्वांत जास्त असतं. म्हणजे नेमकी वाईट वेळ. काउंटरवर विचारलं, ‘काही औषध चालू आहे का?’ ती म्हणाली, ‘थायरॉईडची गोळी.’ केसांची गोळी तिच्या लेखी औषधच नव्हतं. कागद आला: टीएसएच ०.२, फ्री टी-फोर २.४. डॉक्टरांचा तर्क सरळ होता: बाळंतपणातला वाढीव डोस अजूनही जास्त होतोय. त्यांनी थायरॉक्सिन ७५ वरून २५ वर आणलं. त्या कागदावरून दुसरं काय करणार? पण खरा टीएसएच होता २ च्या आसपास, म्हणजे डोस अगदी बरोबर होता.

आता ते आठ आठवडे. शोभाला थंडी वाजू लागली, पोट साफ होईना, दूध पाजताना बसल्या बसल्या डोळा लागू लागला. केस तर आणखीच गळू लागले, म्हणून तिने केसांची गोळी अधिकच नेमाने घेतली. (इथे हा फास पाहा: थायरॉईड कमी पडलं की केस गळतात, केस गळतात म्हणून गोळी, आणि गोळीमुळे थायरॉईड कमी पडल्याचं दिसत नाही.) आठ आठवड्यांनी पुन्हा तपासलं. खरा टीएसएच तोवर १९ वर गेला होता आणि फ्री टी-फोर ०.७ वर आला होता. कागदावर काय आलं? टीएसएच १.९, फ्री टी-फोर १.४. दोन्ही आकडे मर्यादेत, लाल ठसा कुठेही नाही. ‘आता डोस एकदम बरोबर बसला,’ डॉक्टर म्हणाले. शोभा म्हणाली, मला बरं वाटत नाही. उत्तर आलं, रिपोर्ट नॉर्मल आहे, लहान मूल आहे, झोप होत नसेल, टेन्शन घेऊ नका.

माझ्या मते सगळ्यात घातक कागद हा दुसराच. पहिला निदान विचित्र तरी होता. दुसरा नॉर्मल आहे, आणि नॉर्मल कागदाला कुणी प्रश्न विचारत नाही. प्रश्न विचारला जातो तो बाईला.

शोभाची सुटका कशी होईल? कुणीतरी तिला केसांच्या गोळीबद्दल विचारेल, गोळी तीन दिवस बंद ठेवून रक्त पुन्हा तपासलं जाईल आणि टीएसएच २१, फ्री टी-फोर ०.७ असा खरा कागद हाती येईल. तीन दिवसांत थायरॉईड काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही. टीएसएच हलायला आठवडे लागतात हे आपण पाहिलं. १.९ चा २१ तीन दिवसांत होणं शरीराला शक्य नाही. तेव्हा बदललं ते शरीर नव्हे, मोजमाप बदललं. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

शंका आली तर तपासायचे आणखीही मार्ग आहेत, आणि ते लॅबवाल्यांना ठाऊक असतात. तेच रक्त बायोटिन न वापरणाऱ्या दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर लावता येतं. रक्त पातळ करून पुन्हा मोजता येतं. दुप्पट पातळ केलं तर आकडा निम्मा यायला हवा, पण सुटे हुकही पातळ झाल्यामुळे टीएसएचचा हिशेब जुळत नाही. आणि ग्रेव्हज आहे असं म्हणून औषध सुरू करण्याआधी थायरॉईडचा स्कॅन केला, तर खऱ्या ग्रेव्हजमध्ये ग्रंथी धगधगलेली दिसते, इथे ती शांत असते. पण सगळ्यांत स्वस्त चाचणी म्हणजे बाईकडे पाहणं. एवढा टी-फोर खरंच असता तर नाडी धावली असती, हात थरथरले असते, वजन उतरलं असतं, उकाडा सोसला नसता. समोरची बाई थंडीने कुडकुडते आहे, नाडी साठ आहे आणि कागद म्हणतो हायपर. अशा वेळी कागदाची झडती घ्यायची की बाईची?

झडती कागदाची व्हायला हवी, आणि ती न होण्याची किंमत थोडी नाही. ज्या बाईला मुळात कसलाच आजार नाही तिच्या कागदावर खोटा हायपर आला, तर तिला कार्बिमॅझोल सुरू होऊ शकतं. हे औषध खऱ्या रुग्णाला वरदान आहे. पण क्वचित का होईना, ते रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम उतरवतं, आणि गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत घेतलं तर गर्भात व्यंग निर्माण करू शकतं. आणि जिला हायपो आहे ती गरोदर असताना तिचा खरा टीएसएच लपून राहिला, तर बाळाला ज्या काळात आईच्या थायरॉक्सिनवरच भिस्त ठेवावी लागते, नेमक्या त्या काळात ते कमी पडतं. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत तसाही टीएसएच स्वाभाविकपणे थोडा उतरतो, त्यामुळे वाचणाऱ्याचा गोंधळ आणखी वाढतो.

मग जबाबदारी कुणाची? मला विचाराल तर बाईची सर्वांत शेवटी. गोळीच्या बाटलीवर केसांचं चित्र मोठं असतं, पण ‘रक्ततपासणीआधी बंद ठेवा’ ही एक ओळ छापायला जागा सापडत नाही. लॅबच्या कागदावर टीएसएचचा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत असतो, पण चाचणी बायोटिनवर चालते का, हे नसतं. फार तर पद्धतीचं एक लांबलचक इंग्रजी नाव असतं, ज्यातून हुक-काजाचा पत्ता लागत नाही. आणि काउंटरवरचा प्रश्न असतो ‘औषध’ या एका शब्दाचा. हा शब्दच चुकीचा आहे. बायका औषध म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेलं असं समजतात, आणि त्यात गैर काही नाही. केसांची गोळी, नखं तुटतात म्हणून घेतलेली कॅप्सूल, त्वचेसाठी दुधातून घ्यायची पावडर, मुलीने मागवलेली चघळायची गोड गोळी, यांतलं काहीच ‘औषध’ या शब्दाला उत्तर म्हणून येत नाही. बाई लपवत नसते. तिला विचारलेलंच नसतं.

कुणी म्हणेल, हा प्रश्न आता जुना झाला. कंपन्यांनी नवी रसायनं आणली आहेत. थोडं खरं आहे. गेल्या काही वर्षांत काही मोठ्या कंपन्यांनी आपल्या चाचण्या बदलल्या, आणि नव्या चाचण्या दहा मिलीग्रॅमच्या गोळीने सहसा फसत नाहीत. काही यंत्रांत थायरॉईडसाठी बायोटिनचा उपयोग मुळातच नाही. काहींत तो फक्त फ्री टी-फोरच्या चाचणीत आहे आणि टीएसएचच्या नाही. तिथे टी-फोर जास्त आणि टीएसएच नॉर्मल असा चमत्कारिक जोड दिसतो. पण कोणत्या गावातल्या कोणत्या लॅबमध्ये आज कोणतं रसायन आहे, हे रक्त देणाऱ्या बाईला कागदावरून कळत नाही, बहुधा तिच्या डॉक्टरांनाही कळत नाही. जोवर ते कळत नाही तोवर ‘प्रश्न सुटला’ म्हणण्याचा हक्क कंपन्यांना नाही.

तसंच उलट्या टोकालाही जाऊ नये. कमी आलेला प्रत्येक टीएसएच बायोटिनमुळे नसतो. ग्रेव्हज हा खरा आणि उपचार न केल्यास हृदयावर बेतणारा आजार आहे, आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत थायरॉईडला सूज येऊन काही काळ खराखुरा हायपर होणंही नेहमीचं आहे. साध्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीत जे शे-पन्नास मायक्रोग्रॅम असतं त्याने चाचणी बिघडत नाही. शेंगदाण्याने आणि अंड्याने तर नाहीच नाही. बायोटिनचं कळलं म्हणून कुणी आपली थायरॉक्सिनची गोळी मनाने वाढवू-घटवू नये. आधी तपासणी पुन्हा, मग डोस.

आपल्या शिबिरांपुरतं बोलायचं तर एवढं आपल्या हातात आहे. नोंदणीच्या कागदावर ‘औषध चालू आहे का’ या ओळीखाली दुसरी ओळ घालावी: ‘केस, नखं, त्वचा यांसाठी किंवा ताकदीसाठी कोणतीही गोळी, पावडर, चघळायची गोळी घेता का? शेवटची केव्हा घेतली?’ शक्य तर तारीख कळवतानाच सांगावं की बाटली बरोबर आणा. बाटलीवर बायोटिन, व्हिटॅमिन एच, व्हिटॅमिन बी-सेव्हन यांपैकी कोणतंही नाव असू शकतं, आणि शून्यं नीट मोजावीत: १,००० मायक्रोग्रॅम म्हणजे १ मिलीग्रॅम. अमेरिकन थायरॉईड असोसिएशन तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवायला सांगते. शिबिरात तीन दिवस सांगितलेलं बरं, कारण बायका एखादा दिवस विसरतात. जिला मूत्रपिंडाचा विकार आहे तिच्या रक्तातून बायोटिन फार सावकाश जातं, आणि एखाद्या विशेष आजारासाठी डॉक्टरांनीच शंभर-शंभर मिलीग्रॅमचे डोस दिलेले असतील तर दोन-तीन दिवस पुरणार नाहीत. अशांनी डॉक्टरांना विचारूनच थांबावं आणि लॅबला तसं कळवावं. जिने त्या दिवशी सकाळी गोळी घेतली आहे तिचं रक्त घेऊ नये, तिला पुढची तारीख द्यावी. शिबिरातला आकडा एकाने कमी झाला तरी चालेल.

लॅब ठरवतानाही भाव करण्याआधी त्यांना विचारावं: तुमची टीएसएच आणि फ्री टी-फोरची चाचणी बायोटिनवर चालते का, आणि रक्तात किती बायोटिन असेपर्यंत ती बरोबर उत्तर देते? हा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. तो लॅबने लेखी द्यावा असा आग्रह धरायला हरकत नाही. पाच-पन्नास बायकांचं रक्त एका दिवशी देणाऱ्या गटाला एवढं मागता येतं. एकट्या शोभाला ते मागता आलं नसतं.

आणि हे थायरॉईडपुरतं नाही. हृदयाच्या झटक्याची शंका आली की तातडीने करतात ती ट्रोपोनिनची चाचणीही काही यंत्रांवर हुक-काजाचीच असते, आणि तिथे बायोटिनमुळे आकडा खोटा कमी येतो. अमेरिकेच्या प्रशासनाने २०१७ च्या इशाऱ्यात एका मृत्यूची नोंद केली होती ती याच चाचणीची. छातीत दुखतं म्हणून गेलेल्या बाईला तीन दिवस थांबायला सांगता येत नाही. तिच्याबरोबर जाणाऱ्या कार्यकर्तीने दारातच सांगावं की ही बाई बायोटिन घेते, इतके मिलीग्रॅम, शेवटची गोळी इतक्या वाजता. आणि ते केसपेपरवर लिहून घ्यायला लावावं.